गाण्याची उचल आणि गाण्याची मालकी

ओव्या, गवळणी, भारुडं गाणाऱ्या आपल्या बायकांकडे हल्ली गाणी रेकॉर्ड करणाऱ्या कंपन्यांचे करार येतात. सही करण्याआधी त्यात तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली गोष्ट मास्टरची. रेकॉर्डिंग पूर्ण होऊन तयार झालेली मूळ प्रत म्हणजे मास्टर. कॉपीराइट कायद्यानुसार, पुढाकार घेऊन जबाबदारीनं रेकॉर्डिंग करून घेणारा हा तिचा मालक, आणि हा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं चालतो. वेगळं काही लिहिलं नसेल, तर कंपनीनं करून घेतलेलं रेकॉर्डिंग कंपनीचंच. पण तुम्ही स्वतः खर्च करून रेकॉर्डिंग करून घेतलं असेल, तर करारातला शब्द नीट पाहा. ‘कायमचं हस्तांतरण’ म्हणजे जमिनीचं खरेदीखत. ‘ठरावीक मुदतीचा परवाना’ म्हणजे जमीन खंडानं देणं. मुदत संपली की ती परत आपली.

दुसरी गोष्ट उचलीची. समजा, कंपनीनं 20,000 रुपये उचल दिली आणि कमाईत तुमचा वाटा शेकडा 20 ठरला. वर्षात गाण्याची कमाई 60,000 झाली. तुमचा वाटा 12,000, पण तो हातात येत नाही, उचलीत वळता होतो. अजून 8,000 फिटायचे राहतात. म्हणजे एकूण कमाई एक लाख झाली की उचल फिटते. आता करारात ‘व्हिडिओचा खर्चही गायिकेच्या वाट्यातून वसूल’ असं वाक्य असेल आणि तो खर्च 40,000 असेल, तर फेडायचे झाले 60,000. त्यासाठी कमाई तीन लाख व्हावी लागते. तोवर कंपनीकडे तिच्या वाट्याचे 2,40,000 गेलेले असतात, आणि तुम्हाला उचलीपलीकडे एक रुपया नाही. म्हणून वसुली फक्त उचलीची, असं लिहून घ्या. गाणं चाललं नाही तर उरलेली उचल खिशातून परत करायची नाही, हेही लिहून घ्या. दर सहा महिन्यांनी लेखी हिशोब मागा.

तिसरी गोष्ट मुदतीची. यात दोन मुदती असतात. दुसऱ्या कुणासाठी गायचं नाही, ही एक. आणि झालेली गाणी कंपनीनं किती वर्षं वापरायची, ही दुसरी. दोन्ही वेगवेगळ्या, तारखेसह लिहायला लावा. ‘तीन अल्बम पूर्ण होईपर्यंत’ किंवा ‘उचल फिटेपर्यंत’ असं लिहिलेलं असेल तर थांबा. कंपनीनं तिसरा अल्बम काढलाच नाही, तर तुम्ही वर्षानुवर्षं अडकून पडाल. हक्क देताना त्यांची मुदत लिहिलीच नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. पण ‘कायमची’ असं लिहून तुम्ही सही केलीत, तर ही पाच वर्षांची सोय मिळत नाही.

करार घरी आणा, गटात मोठ्यानं वाचा. सही झाली की एक प्रत स्वतःकडे ठेवा.