नव्या गोळीनंतर पुरळ आलं तर

मैत्रिणींनो, समजा आपल्या सुप्यातल्या एका ताईला फिटसाठी कार्बामाझेपिनची गोळी सुरू झाली. पंधराव्या दिवशी ताप आला, अंगावर लाल पुरळ उठलं. घरचे म्हणाले, उष्णता असेल. पण तोंडात फोड आले, डोळे लाल झाले, कातडी दुखायला लागली, तर ती उष्णता नाही. ही औषधाची गंभीर रिअ‍ॅक्शन असू शकते. यात कातडी सोलून निघते, जिवावर बेततं.

अशा वेळी पुढची गोळी घेऊ नका. १०८ ला फोन करून लगेच दवाखाना गाठा, गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. गोळी एकदम थांबली की फिट येऊ शकते, म्हणून घरी थांबू नका. बदली औषध डॉक्टरच देतील.

त्या गोळीचं नाव लिहून ठेवा. ती पुन्हा घ्यायची नाही, हे प्रत्येक डॉक्टरला सांगा.