सोड आणि राहू दे

1948 पासून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, चिलखती दलाचे केंद्र व प्रशिक्षणशाळा आहे. त्या निमित्ताने उत्तरेकडील कुटुंबे तेथे येत राहिली, आणि त्यांतील काही नगरलाच स्थायिक झाली. अशा एखाद्या हिंदीभाषक घरातील मुलीची श्रोत्यांनी क्षणभर कल्पना करावी. तिचा साखरपुडा सावेडीतील एका मराठी तरुणाशी झाला आहे. त्याच्या घरच्यांशी ती हौसेने मराठीतच बोलते. परंतु परक्या भाषेत दिवसभर वावरण्याचा एक विशिष्ट शीण असतो. संध्याकाळ झाली की तिला साधे शब्दही सापडेनासे होतात. त्यात तो रोज भेटावयास येतो. प्रेम उणे झालेले नाही. तिला केवळ पंधरा दिवस निवांतपणा हवा आहे. ती त्याला मराठीत चिठ्ठी लिहिते : ‘मला थोडा वेळ पाहिजे. मला एकटी सोड. आता भेटायला येऊ नकोस.’

त्याचे उत्तर येते, ‘तुझी मर्जी.’ दुसऱ्या दिवशी तो येत नाही, आणि त्याची आई तिच्या आईला विचारते की, साखरपुड्याविषयी काही फेरविचार आहे काय?

व्याकरणदृष्ट्या चिठ्ठीत एकही चूक नाही. मग बिघडले कोठे? पुष्कळांचे बोट ‘पाहिजे’ या शब्दाकडे जाईल. ‘हवा’ म्हटले असते तर ते अधिक मृदू झाले असते हे खरे. पण नगरकडच्या बोलण्यात ‘पाहिजे’ सर्रास चालते, त्याने कोणी दुखावत नाही. घाव बसतो तो पुढच्या वाक्याने. हिंदीत ‘मुझे थोड़ा अकेला छोड़ दो’ हा नित्याचा, रुळलेला प्रयोग आहे. थकलेली मुलगी आपल्या आईलाही तसे म्हणते. मराठीत मात्र स्त्री-पुरुषांच्या नात्यात ‘सोडणे’ या क्रियापदाला वेगळाच वास येतो. सोडलेली बाई म्हणजे टाकलेली बाई, आणि काडीमोडीच्या कागदाला सोडचिठ्ठी म्हणतात. वाग्दत्त वधूने ‘सोड’ लिहिले की वाचणाऱ्याच्या मनात तीच चिठ्ठी उभी राहते.

येथे मराठीजवळ एक फार सोयीचा प्रयोग आहे, तो म्हणजे ‘राहू दे’. ‘मला जरा माझी मी राहू दे’ या वाक्यात मागणी आहे, परंतु ती देण्याचा अधिकार ऐकणाऱ्याच्या हाती ठेवलेला आहे. ‘सोड’ म्हटल्याने त्याने दूर व्हावयाचे असते. ‘राहू दे’ म्हटल्याने तो दाता होतो. ‘येऊ नकोस’ याचेही तसेच. हिंदीतील ‘मत आना’ मध्ये जो ओलावा असतो, तो ‘नकोस’ मध्ये उतरत नाही. तेथे उघड मनाई ऐकू येते. मनाईऐवजी मुभा द्यावी : ‘तू आला नाहीस तर मी रुसणार नाही.’ एवढ्याने त्याचे न येणे हे त्याचे सौजन्य ठरते.

पण मृदुपणाचाही अतिरेक घातक ठरतो. कोणी जाणत्याने तिला सुचविले असते की, ‘विचार करून कळवते’ असे सभ्यपणे लिही, तर अनर्थ अधिकच वाढला असता. मराठी घरांत स्थळ नाकारण्याची हीच तर रीत आहे! ‘बघू’ हा शब्दही त्याच पंक्तीतला. तेव्हा शब्द कितीही गोड असले, तरी परत येण्याचा दिवस आणि परत कोण येणार हे सांगितल्यावाचून मराठी कानाला ती विश्रांती न वाटता नकार वाटतो.

आता तिने काय करावे? गैरसमज झाल्याची खूण ‘तुझी मर्जी’ या दोन शब्दांत आहेच; हे संमतीचे शब्द नव्हेत, रुसव्याचे आहेत. त्यावर लांबलचक खुलासा न करता तिने मूळ हिंदी वाक्य त्याला सांगावे, मनात ते होते व मराठीत भलतेच उतरले, असे कबूल करावे, आणि चिठ्ठी पुन्हा लिहावी : ‘फार दमले आहे रे. पंधरा दिवस मला जरा माझी मी राहू दे. तू आला नाहीस तर मी रुसणार नाही. पाडव्याला मीच घरी येते.’ सगळेच हिंदीत लिहिले असते तर चालले नसते काय? त्याच्यापुरते चालले असते. परंतु अशा चिठ्ठ्या घरात एकट्याने वाचल्या जात नाहीत, आणि त्याच्या आईला ‘मीच घरी येते’ हे मराठीत वाचावयास मिळणे अधिक मोलाचे.

पाडव्याला ती खरोखरच जाते. फराळ होतो, गप्पा होतात, आणि निघताना उंबरठ्यावर ती सवयीने म्हणते, ‘बरं, जाते मी.’ सासू होणारी बाई लगेच तिला थांबवते : ‘जाते नाही म्हणू, बाळ. येते म्हण.’