छापील काय, हाताने काय?

भरलेल्या अर्जाचा फोटो पाहून मजकूर उतरवताना छापील शब्द आणि अर्जदाराचं लिखाण यांची सरमिसळ होते. स्वयंघोषणापत्रच घ्या. त्यात रकाने नसतात. ‘मी, अमुक, श्री. तमुक यांचा मुलगा/मुलगी, वय इतके, राहणार…’ असं एकच वाक्य असतं आणि त्यात मोकळ्या जागा.

निळी शाई असेल तर सोपं. पण फोटो झेरॉक्सचा असला की सगळंच काळं. अशा वेळी एकच अक्षर दोन ठिकाणी शोधा. छापील ‘र’ दोन्हीकडे तंतोतंत सारखा निघतो, हाताचा नाही. छापील शिरोरेषा सरळ असते. हाताची चढते-उतरते, कधी नसतेच. मोकळ्या जागेतले ठिपके छापील. ते अक्षराला चिकटले की अनुस्वारासारखे भासतात. म्हणून टिंब ठिपक्यांच्या रांगेतलं आहे का, ते पाहा.

खरी फसगत तारखेत होते. ‘दिनांक’पुढे ‘२०’ छापलेलं, अर्जदाराने पुढे ‘२४’ लिहिलेलं. नुसतं हाताचं उतरवलं तर वर्ष उरतं चोवीस! इथे दोन्ही जोडूनच वाचायचं.

‘मुलगा/मुलगी’तला ‘मुलगा’ खोडलेला असेल, तर शब्द छापील, पण खोडरेघ अर्जदाराची, आणि उत्तर ‘मुलगी’. काहीच खोडलेलं नसेल तर नावावरून अंदाज बांधू नका, ‘निवड केलेली नाही’ असं लिहा. रबरी शिक्का मात्र छापील दिसला तरी नंतरचा असतो. त्याची नोंद वेगळी.

तरीही शंका उरली, तर त्याच नमुन्याचा कोरा अर्ज शेजारी ठेवा.