यादीबाहेरचा गरीब



महाराष्ट्रात राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याची अंमलबजावणी फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली. प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तेव्हा शहरात ५९ हजार आणि ग्रामीण भागात ४४ हजार रुपये ठरविण्यात आली. नागपुरातील दोन कुटुंबे कल्पून या मर्यादेचा परिणाम पाहावा.

बांधकामावरील मजुराला रोज ३०० रुपयांप्रमाणे वर्षात २०० दिवस काम मिळाले, तर त्याचे उत्पन्न ६० हजार रुपये होते. अवघ्या हजार रुपयांसाठी त्याचे पाच जणांचे कुटुंब अपात्र ठरते. शेजारच्या दुकानदाराची मिळकत याहून पुष्कळ अधिक असते; परंतु तिची कोठे नोंद नसल्याने ५० हजारांचे उत्पन्न दाखवून तो पात्र ठरतो.

ही चूक येथेच थांबत नाही. कायद्याने राज्याच्या शहरी लोकसंख्येपैकी ४५.३४ टक्क्यांपर्यंतच लाभ दिला असून त्यानुसार इष्टांक ठरतात. इष्टांक पूर्ण झाला की पात्र कुटुंबालाही तिष्ठावे लागते. अपात्राचे एक नाव म्हणजे गरिबाची अडलेली एक जागा होय.

अपात्र शिधापत्रिकांच्या शोधमोहिमेत केवळ यादीतील नावे तपासली जातात. जो यादीत नाही, तो अशा तपासणीत सापडणार कसा? त्यासाठी मजुरांच्या ठिय्यावर आणि झोपडपट्टीत जाऊन शिधापत्रिका कोणाकडे नाही, हे विचारावे लागते. वगळलेल्या नावांसाठी इष्टांकातील जागाही त्याच वेळी मोकळी करावी लागते.