दम कोठें सरतो?

दोन सायकलपटूंची ऑक्सिजन वापरण्याची कमाल शक्ति मोजली, ती अगदीं सारखी भरली. तरीहि एकाच श्रमाला लावल्यावर एक अर्ध्या तासांत गळून गेला आणि दुसरा तासभर टिकला. हा भेद कोठून आला?

धावण्याचा वेग वाढवावा तसा शरीराला अधिक ऑक्सिजन लागतो. परंतु एक मर्यादा अशी येते कीं, वेग वाढला तरी ऑक्सिजनचा खप वाढत नाहीं. इंग्रज शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनीं १९२३ च्या सुमारास ही मर्यादा दाखविली. धावणाऱ्याच्या पाठीवर पिशवी बांधून ते त्याचा उच्छ्वास गोळा करीत व त्यांतील ऑक्सिजन मोजीत.

ही मर्यादा घालतें कोण? बहुधा फुप्फुसें नव्हेत. निरोगी माणसाचें रक्त तेथून जवळजवळ पूर्ण भरूनच निघतें. मुख्य मर्यादा हृदयाची असते. एक लिटर रक्तांत सुमारें २०० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, आणि कठोर श्रमांत त्यांतला १६० च्या आसपास शरीर काढून घेतें. तयारीच्या खेळाडूचें हृदय मिनिटाला ३० लिटर रक्त लोटीत असेल, तर खप ४,८०० मिलिलिटर झाला. त्याचें वजन ७० किलो असल्यास दर किलोमागें सुमारें ६९ मिलिलिटर पडतात. पुरावाहि आहे: एखाद्याचें साठविलेलें रक्त त्यालाच परत दिलें, तर स्नायु तेच असूनहि हा आंकडा वाढतो.

मग टिकाव कशावर ठरतो? अमेरिकेंत एडवर्ड कॉइल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सारख्या कमाल शक्तीचे चौदा सायकलपटू होते. कमाल शक्तीच्या ८८ टक्के श्रमावर एक गट सरासरी ६१ मिनिटें टिकला, दुसरा २९ मिनिटें. पहिल्या गटाच्या रक्तांत लॅक्टेट सांचूं लागलें तें सुमारें ८२ टक्के श्रमावर. दुसऱ्याच्या, ६६ टक्क्यांवरच. म्हणजे एकच श्रम पहिल्यांना उंबरठ्यालगतचा होता, दुसऱ्यांना त्याच्या फार पलीकडचा. म्हणून त्यांच्या स्नायूंतील साखरेचा सांठा दुपटीहून अधिक वेगानें जळत होता.

टिकणाऱ्यांच्या स्नायूंत केशवाहिन्यांचें जाळें अधिक दाट होतें, आणि सायकलचा त्यांचा सराव सुमारें पांच वर्षांचा होता. इतरांचा तिनाहून कमी. हृदय ही विहिरीवरची मोट मानली, तर केशवाहिन्या हे मळ्यांतले पाट. मोटेचें पाणी सारखेंच असलें, तरी पाट दाट असलेला मळा अधिक चांगला भिजतो.

म्हणून कमाल शक्तीचा आंकडा खोटा ठरत नाहीं. ४० चा माणूस ७० च्या माणसाला गांठणार नाहीं. परंतु बरोबरीच्या दोघांत निवड करावयाची, तर श्रम पायरीपायरीनें वाढवीत, प्रत्येक पायरीवर बोटाच्या रक्ताचा थेंब तपासून लॅक्टेट कोठें चढूं लागतें हें पाहावें लागतें.