लायसन्स होतं, तरी क्लेम आला

दिवाळीच्या सीझनआधी आम्ही आमच्या स्टुडिओची ४० सेकंदांची जाहिरात केली. प्री-वेडिंगचे शॉट्स आणि मागे गिटार. गिटारचा ट्रॅक पैसे मोजून घेतलेला. रात्री यूट्यूबवर टाकला आणि सकाळी मेल हजर: कॉपीराइट क्लेम. माझ्या पार्टनरने घाबरून व्हिडिओच उडवला. पुन्हा टाकला, पुन्हा क्लेम!

इथे आधी एक गोष्ट समजून घ्या. क्लेम म्हणजे स्ट्राइक नाही. क्लेम बहुतेक वेळा मशीन लावतं. यूट्यूबकडे हक्कदारांनी दिलेल्या आवाजांचा साठा असतो, तुमचा आवाज त्याच्याशी जुळला की खूण होते. मग तुमच्या व्हिडिओवर जाहिराती दिसतात, नाहीतर तो काही ठिकाणी ब्लॉक होतो. चॅनलला धक्का सहसा लागत नाही. स्ट्राइक मात्र हक्कदाराने कायदेशीर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला की येतो. ९० दिवसांत असे तीन झाले, तर चॅनलच जाऊ शकतं.

मग पैसे भरूनही क्लेम का? कारण मशीनला तुमची पावती दिसत नाही. त्याला फक्त आवाज ऐकू येतो. तोच ट्रॅक दुसऱ्या कुणी आपल्या गाण्यात वापरून ते गाणं नोंदवलेलं असेल, तरीही जुळणी होते.

अशा वेळी व्हिडिओ उडवू नका. यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओसमोर दिसणाऱ्या कॉपीराइटच्या खुणेवर जा, `Dispute` निवडा आणि कारण म्हणून `License` द्या. खाली साध्या भाषेत लिहा: ट्रॅकचं नाव, कुठून घेतला, कोणत्या तारखेला, लायसन्स नंबर काय. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. तो गप्प राहिला तर क्लेम आपोआप सुटतो. आमचा असाच सुटला. पण हातात लायसन्स नसेल, तर डिस्प्यूटच्या नादी लागू नका. समोरचा थेट व्हिडिओ काढायची तक्रार करू शकतो आणि मग खरोखरचा स्ट्राइक येतो.

म्हणून ट्रॅक घेतला की त्याच दिवशी लायसन्सची पीडीएफ प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाकायची. सहा महिन्यांनी मेलमध्ये शोधत बसलात तर सापडत नाही, स्वानुभव आहे! आणि अपलोड करताना व्हिडिओ आधी `Private` ठेवा. `Checks` या पायरीवर क्लेम असेल तर तिथेच कळतो. ग्राहकाला लिंक त्यानंतर पाठवा.

फुकटचं संगीत हवं असेल तर यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी आहे. मेटाचं साउंड कलेक्शनही आहे, पण त्याची परवानगी फेसबुक-इन्स्टाग्रामपुरती असते. तोच रील उचलून यूट्यूबवर टाकायचा नाही. इन्स्टाग्रामवर पर्सनल अकाउंटला दिसणारी सिनेमाची गाणी तुमच्या धंद्याच्या जाहिरातीसाठी नाहीत. बिझनेस अकाउंटला ती कमी दिसतात ती त्यामुळेच. पर्सनल अकाउंटवरून स्टुडिओची जाहिरात करण्याचा जुगाड बरेचजण करतात. मी करणार नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा ट्रॅक घेताना लायसन्समध्ये `NC` किंवा `ND` लिहिलंय का पाहा. `NC` म्हणजे व्यावसायिक वापर नाही. `ND` म्हणजे बदल नाही, आणि व्हिडिओखाली संगीत जोडणं हाही बदलच धरला जातो. जाहिरातीसाठी दोन्ही बाद.

आता फोटो. ‘फोटो मीच काढलाय, मग माझाच,’ असं आपण समजतो. पण आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वेगळं सांगतं. कुणी पैसे देऊन, स्वतः सांगून फोटो काढून घेतले आणि तसा वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो ग्राहक! म्हणजे गेल्या वर्षीच्या लग्नातला तुमचा सगळ्यात भारी फोटो, नवरीच्या घरच्यांनी पैसे दिलेत, कागदावर काही नाही, आणि तुम्ही तो जाहिरातीत टाकता. तक्रार आली तर तुमची बाजू लंगडी.

आम्ही बुकिंग फॉर्मवर दोनच ओळी वाढवल्या: ‘या कामातील फोटो व व्हिडिओ स्टुडिओ स्वतःच्या जाहिरातीसाठी वेबसाइट व सोशल मीडियावर वापरू शकेल. संमती आहे / नाही.’ खाली ग्राहकाची सही. ‘नाही’ला खूण करणारेही असतात, त्यांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जातात, नावापुढे लाल टॅग लावून. एडिटरने लाल टॅगवाल्या फोल्डरला हात लावायचा नाही, एवढाच नियम. पाच-सहा महिने झाले, अजून तरी कुणी तो मोडलेला नाही.