चढली नव्हती की कळली नव्हती?

आजचा एपिसोड छोटा आहे आणि थोडा पर्सनलही. मला एडीएचडी आहे. दोन वर्षांपासून डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनने मिथाइलफेनिडेट घेतोय, दिवसभर हळूहळू काम करणारी गोळी. आज बोलूया ही गोळी आणि दारू एकत्र आल्यावर काय होतं त्याबद्दल.

एका शुक्रवारी आमचं रिलीज होतं. घाईत सकाळची गोळी राहिली, ती मी अकरा वाजता घेतली. संध्याकाळी साडेसातला टीमबरोबर बसलो. साडेदहापर्यंत साठ-साठ एमएलचे तीन पेग झाले. आणि मी एकदम फ्रेश! झोप नाही, जीभ जड नाही. बाईकची चावी काढली, तेव्हा मित्र म्हणाला, "चावी दे इकडे. तीच गोष्ट तू तिसऱ्यांदा सांगतोयस." मला खरंच वाटलं होतं की मी पहिल्यांदाच सांगतोय.

दुसऱ्या दिवशी मी हिशोब मांडला. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे साठ एमएलमध्ये जवळपास २० ग्रॅम आणि तीन पेगमध्ये ६०. माझं वजन ७० किलो. नेहमीच्या सूत्राने हे रक्तात दर १०० एमएलमागे साधारण १२५ मिलिग्रॅम होतं. शरीर तासाला १५ च्या आसपास कमी करतं, म्हणजे तीन तासांत ४५ गेले. उरले ८०. गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा आहे ३०! हा अंदाजच आहे. पोटात अन्न किती, तुम्ही पुरुष की स्त्री, यावर आकडा बदलतो. पण अडीचपट म्हणजे अडीचपट.

मग मला चढली का नाही? डॉक्टरांनी समजावलं ते असं. दारू आपल्याला सुस्त करते, आणि ती सुस्तीच आपल्याला सांगते की आता पुरे. गोळी नेमकी ती सुस्ती दाबते. रक्तातली दारू मात्र ती एका थेंबानेही कमी करत नाही. हात किती वेळात ब्रेकवर जातो, अंतराचा अंदाज किती बरोबर येतो, हे बिघडलेलंच राहतं. म्हणजे डॅशबोर्डवरचा लाल दिवा काढून टाकलाय, पण इंजिन तापतंच आहे. त्यामुळे माणूस आणखी एक पेग मागवतो. नंतर रात्री गोळीचा असर उतरतो आणि दारू अजून रक्तात असते. माझं तेच झालं. साडेअकराला रिक्षात अचानक सगळं फिरायला लागलं, उलटी झाली.

आणि छाती धडधडत होती. घड्याळात बसल्याजागी ११८ ठोके दिसत होते, एरवी माझे ७२ असतात. ही गोळी एकटीच ठोके आणि रक्तदाब थोडा वाढवते. दारूनेही ठोके वाढतात, उलट्यांनी पाणी कमी होतं, आणि सगळ्याचा भार एकाच हृदयावर येतो. शिवाय ही गोळी यकृतातलं एक एन्झाइम मोडून टाकतं. दारू त्याच कामात अडथळा आणते, त्यामुळे औषध रक्तात जास्त उरतं. लवकर विरघळणाऱ्या साध्या गोळीवरच्या अभ्यासात रक्तातली औषधाची कमाल पातळी सुमारे ४० टक्के वाढलेली दिसली. म्हणजे तुम्ही डोस वाढवला नाही, पण शरीराला तो वाढल्यासारखाच झाला. हृदयाचा जुना त्रास किंवा बीपी असेल तर हा भार आणखी महागात पडतो.

मग करायचं काय? गोळीच्या माहितीपत्रकात दारू टाळा असंच लिहिलंय, आणि माझ्यासाठी आता तेच ठरलंय. "आज प्यायचंय म्हणून गोळी स्किप करतो" हे स्वतःच्या मनाने ठरवू नका. पीत असाल तर डॉक्टरांना खरं सांगा. मी दोन वर्षं "कधीतरी" एवढंच सांगत होतो.

आणि गोळी चालू असताना घेतलीच असेल, तर "मला काही वाटत नाहीये" यावर विश्वास ठेवू नका. पेग मोजा, वर आणखी पेग घेऊ नका आणि गाडीला हात लावू नका. सोबतच्या एकाला आधीच सांगून ठेवा की मी गोळीवर आहे. छातीत दुखलं, श्वास लागला, ठोके अनियमित वाटले किंवा कुणी चक्कर येऊन पडलं, तर लगेच १०८ ला फोन करा आणि गोळीचं नाव, किती वाजता घेतली ते सांगा. कुणी हाक मारूनही उठत नसेल, तर "झोपू दे त्याला" म्हणून सोडून जाऊ नका. कुशीवर वळवा, फोन करा आणि मदत येईपर्यंत तिथेच थांबा.

माझी चावी त्या रात्री मित्राच्या खिशात गेली, म्हणून आज हा एपिसोड रेकॉर्ड करतोय. चला, भेटूया पुढच्या वेळी.